कलशाचा गळा: श्रावण ते घटस्थापना, 2025 च्या प्रकल्प नोंदी

18 जुलै, शुक्रवार

आज पहिली लिस्टिंग टाकली. जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये काकांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, दोन खुंट, एक भट्टी आणि काकांचे दोन हात. होलसेलवाल्यासाठी केलेले आठ मोठे कलश पडून होते, त्याने माल उचललाच नाही. काका म्हणाले, "तू ते मोबाइलवरचं काय ते बघ. विकले गेले तर विकले गेले."

जीएसटी नंबर नसल्यामुळे मला ऑनलाइन फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकता येतं. त्यासाठीचा एनरोलमेंट नंबर मागच्याच आठवड्यात मिळाला. तेवढं पुरे आहे. कलश घेणारी घरं महाराष्ट्रात काही कमी नाहीत.

लिस्टिंगमध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा इथे ठेवते, पुढे लागेल: "शुद्ध तांब्याचा, मठारकाम केलेला मोठा कलश. उंची 14 सेंमी, तोंड 11.4 सेंमी, वजन 620 ग्रॅम. कोणत्याही पूजेसाठी उत्तम." किंमत 1,150 रुपये. चार फोटो, त्यातला एक वरून काढलेला, कारण वरून मठाराचे ठोके छान चमकतात.

मापं शाळेच्या फूटपट्टीने घेतली. तोंडाचं माप काठाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

29 जुलै, मंगळवार

अकरा दिवस झाले. 163 जणांनी लिस्टिंग उघडली आणि ऑर्डर एकही नाही. श्रावण सुरू झाला आहे, आज नागपंचमी. घरोघरी पूजा चालू आहेत आणि माझे कलश काकांच्या फळीवर तसेच.

दोन जणींनी प्रश्न विचारले. एकीने विचारलं, "पाणी किती मावतं?" मी अंदाजाने एक लिटर लिहिलं. दुसरीने विचारलं, "नारळ बसेल ना नीट?" मी लिहिलं, "हो ताई, कलशच आहे हा." दोघींनीही घेतला नाही.

2 ऑगस्ट, शनिवार

किंमत 100 रुपयांनी कमी केली. काकांना सांगितलं नाही. 1,050 मध्ये तांब्याचा भाव, त्यांची मजुरी, माझं पॅकिंग आणि कमिशन वजा केलं की हातात फार काही उरत नाही. पण एक तरी विकला जावा असं फार वाटतंय.

6 ऑगस्ट, बुधवार

पहिली ऑर्डर! कोकणातली. घरात सत्यनारायण आहे, लवकर पाठवा, असा निरोप. संध्याकाळीच पॅक केला. घरात मिक्सरचं जुनं खोकं होतं, 25 सेंमी लांब, 25 रुंद, 20 उंच. त्यात वर्तमानपत्रांचे बोळे भरून कलश मधोमध बसवला.

कुरिअरवाल्याने सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. येईल ते किलोमधलं आकारमानाचं वजन. ते आणि खरं वजन, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. माझं खोकं अडीच किलोचं ठरलं आणि आत माल जेमतेम सव्वासहाशे ग्रॅमचा. चांगली हवा भरून पाठवली मी कोकणात.

14 ऑगस्ट, गुरुवार

रिटर्नची विनंती आली. कारण दिलंय, "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही." बस, एवढंच. घेणाऱ्याचा फोन नंबर विक्रेत्याला दिसत नाही, त्यामुळे विचारायचं तरी कसं. उलट्या वाहतुकीचा खर्चही माझ्याच खात्यातून जाणार.

वर्णनात मी काय खोटं लिहिलं होतं? तांबं शुद्ध आहे, मठार हाताचा आहे, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं आहे. रात्रभर तेच डोक्यात.

20 ऑगस्ट, बुधवार

पार्सल परत आलं. उघडलं आणि आधी रागच आला. कलश वापरलेला होता. पोटावर कुंकवाचं स्वस्तिक काढून पुसलेलं, पण मठाराच्या खळग्यांमध्ये लाल रंग तसाच राहिलेला. आईला म्हटलं, "बघ, पूजा करून घेतली आणि परत पाठवला." आईने तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "अगं, आत बघ आधी."

आत पाहिलं. गळ्याच्या सगळ्यात अरुंद जागी नारळाच्या किशीचे चार-पाच धागे अडकले होते. ते नुसते चिकटले नव्हते, तांब्यावर घासून घट्ट बसले होते, नखाने ओढून काढावे लागले. त्याच जागी आतून चमकदार रेघ उमटलेली, जवळजवळ पूर्ण गोल. आणि एका बाजूला काठापासून खाली गळ्यापर्यंत आखूड, खोल ओरखडे. चमचा किंवा उलथनं घालून काहीतरी उचकटून काढावं तसे. त्याच बाजूचा काठ किंचित दबलेला.

म्हणजे नारळ आत गेला आणि गळ्यात अडकला. सत्यनारायणाच्या दिवशी, पाहुणे बसलेले असताना, कुणीतरी चमच्याने नारळ उचकटत होतं. आणि "नारळ बसेल ना" या प्रश्नाला मी "कलशच आहे हा" असं उत्तर दिलं होतं. राग गेला. त्या बाईंचा चेहरा मला माहीत नाही, पण तो दिवसभर डोळ्यांसमोर आहे.

पैसे परत करण्याला हरकत घ्यायची नाही असं ठरवलं. हा कलश विकायचाही नाही. तो माझ्या टेबलावर राहील, किशीच्या धाग्यांसकट.

21 ऑगस्ट, गुरुवार

सकाळी रविवार कारंज्याजवळून सात नारळ आणले, पूजेचे, शेंडीवाले. मुद्दाम लहान-मोठे निवडले. दुकानदार विचारत होता, कसली पूजा आहे?

नारळाला फूटपट्टी लावून रुंदी नीट कळत नाही, म्हणून दोरा गुंडाळला. सगळ्यात फुगीर जागी एक वेढा, मग दोरा पट्टीवर सरळ धरायचा आणि 3.14 ने भागायचं. सात नारळांचा घेर 27 ते 31.5 सेंमी निघाला. म्हणजे रुंदी साधारण 8.6 ते 10 सेंमी. मधला नारळ 29 सेंमी घेराचा, 9.2 सेंमी रुंद. त्याला खडूने खूण करून मी "नमुना नारळ" ठरवला.

आता कलश. काठापाशी 11.4, ते मी लिहिलंच होतं. पण किशी अडकली ती काठाशी नव्हे, गळ्याशी, आणि गळ्यापर्यंत पट्टी सपाट पोहोचत नाही. त्यावर उपाय सापडला. वहीच्या कागदाची बोटभर रुंद, लांब पट्टी कापली, तिची गुंडाळी केली आणि गळ्यात सोडली. आत गेल्यावर हलके फिरवलं की गुंडाळी स्वतःच उलगडून गळ्याला आतून चिकटते. जिथे कागदावर कागद चढतो तिथे पेन्सिलीची खूण. बाहेर काढून सरळ केली तर खुणेपर्यंत 27 सेंमी. 3.14 ने भागलं, 8.6.

थोडा वेळ नुसती बसून राहिले. काठाशी 11.4 आणि गळ्याशी 8.6. सगळ्यात लहान नारळाची रुंदीही 8.6. तो ठेवला, किंचित दाबला आणि बुचासारखा जाऊन बसला, अगदी त्या बाईंच्या नारळासारखा. मलाही चमचा घ्यावा लागला. माझे ओरखडे आणि त्यांचे ओरखडे शेजारी शेजारी, सारखेच दिसतात.

मग नमुना नारळ ठेवला. तो अडकला नाही, पण किती खाली गेला! गळ्याच्या खाली जवळजवळ 3 सेंमी, आणि गळा स्वतः काठाच्या 1.8 सेंमी खाली आहे. म्हणजे काठापासून पावणेपाच सेंमी नारळ आत. अर्ध्याहून जास्त बुडालेला. आंब्याची पानं लावली तर ती नारळाखाली दुमडून आत ओढली गेली. बाहेर दिसत होती फक्त टोकं आणि शेंडी. असा कलश कुणी पूजेला मांडणार नाही.

आता त्या 163 जणांचंही कळलं. ज्यांनी "तोंड 11.4" वाचलं आणि घरातला नारळ डोळ्यांसमोर आणला, त्यांना तो आत पडणार हे उघड दिसलं आणि ते पुढे गेले. ज्यांनी माप मनात धरलं नाही त्यांच्यातल्या एकीने घेतला आणि परत पाठवला. किंमत 100 ने उतरवून यातलं काहीच सुटणार नव्हतं.

21 ऑगस्ट, रात्री

नारळ किती खाली जाईल हे आधी काढता येतं का ते पाहिलं. दहावीचं पायथागोरस पुरतं. नारळ गोल चेंडू धरायचा. त्याची त्रिज्या r, गळ्याची आतली त्रिज्या a.

```
गळ्याखाली जाणारा भाग = r − √(r² − a²)
r = 4.6, a = 4.3  →  4.6 − √(21.16 − 18.49) = 4.6 − 1.63 = 2.97
```

दुपारी पट्टीने जवळजवळ 3 आलं होतं, हिशेबाने 2.97. नारळ काही खरा चेंडू नसतो, खाली थोडा निमुळता असतो आणि किशीमुळे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. तरी एवढं जुळणं मला पुरेसं आहे.

मग गळा बदलून पाहिला, नारळ तोच. 6 सेंमी गळ्यात तो फक्त 1.1 सेंमी खाली जातो, म्हणजे धक्का लागला की कलंडणार. 6.8 ला दीड सेंमी. 7.5 ला जवळजवळ 2. आणि 9 सेंमीला 3.6, म्हणजे फसलाच. गळा नारळाच्या रुंदीच्या साधारण पाऊण असावा, असं दिसतंय. 9.2 चा पाऊण म्हणजे 6.9. हे कागदावर झालं. उद्या काकांकडे खऱ्या कलशांवर पाहायचं.

22 ऑगस्ट, शुक्रवार

आज पोळा. कारखान्यात काम कमी होतं म्हणून काकांना वेळ मिळाला. परत आलेला कलश दाखवला. त्यांनी गळ्यातून बोट फिरवलं आणि लगेच म्हणाले, "हा नारळाचा कलश नाहीच मुळी. तो होलसेलवाला ताम्हण ठेवायला मागायचा. नारळाचा वेगळा." आणि फळीवरून लहान कलश काढला. असे बारा होते. मी इतके दिवस ते पाहत होते, पण मोठ्याचे जास्त पैसे येतील म्हणून मोठाच फोटोला घेतला होता.

कागदाची पट्टी लहान कलशात सोडली. 21.4 सेंमी. भागून 6.8. नमुना नारळ सोबत नेला होताच, तो ठेवला. गळ्याखाली दीड सेंमी, काठापासून मोजलं तर 2.7. बाकीचा साडेसहा सेंमी वर, ताठ. पाच पानं लावली, ती काठावर छान पसरली. काकांनी कलश टेबलावर ठेवून टेबल हलवलं. नारळ जागचा हलला नाही.

मी विचारलं, "काका, हे तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "पोरी, गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा नारळ घेऊन येतं. ठेवून बघतं. सांगायची वेळ कधी आली?"

हे मला फार लागलं. दुकानात नारळच माप असतो. पूर आला की आपण नाशिककर पाणी किती फूट चढलं ते विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, ते विचारतो. नारळही तसाच आहे. मोबाइलवर तो नारळ हातात नाही, म्हणून त्याच्या जागी आकडा द्यायला हवा, आणि तोही नेमक्या त्याच जागेचा जिथे नारळ टेकतो.

दुसरी एक गोष्ट काकांनी दाखवली. बाराही कलशांची मापं घेतली तर काठ 9 ते 9.6 पर्यंत खालीवर, पण गळा 6.7 ते 7 च्या आत. कारण विचारलं. काठ सगळ्यात शेवटी हाताने बाहेर वळवतात, खुंटावर ठेवून ठोकत. तो हाताच्या अंदाजावर. गळा मात्र ते वर्षानुवर्षं एकाच लाकडी ठोकळ्याला लावून बघतात. तो ठोकळा मी हातात घेतला. मधोमध झिजून काळा झालाय. काकांच्या वडिलांचा आहे. म्हणजे गळ्याचं माप या घरात होतंच, फक्त सेंटिमीटरमध्ये कुणी लिहिलं नव्हतं.

24 ऑगस्ट, रविवार

"ताम्हण ठेवायला" हे काकांचं वाक्य डोक्यात राहिलं होतं, म्हणून पंचवटीतल्या आमच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. सत्यनारायणाला पुष्कळ घरांत कलशावर तांदळाने भरलेलं ताम्हण ठेवतात, त्याला पूर्णपात्र म्हणतात, आणि त्यावर बाळकृष्ण. नवरात्रात कुणाकडे घटावर नारळ, कुणाकडे ताम्हणात देवीचा टाक. ज्याच्या त्याच्या घरचा कुळाचार. "म्हणून ताई, कलश कसला हवा हे गिऱ्हाइकाला विचारा. दोन्हीला एकच चालत नाही," असं म्हणाले.

कोकणातल्या त्या घरी सत्यनारायणच होता, पण कलशावर नारळ ठेवायची त्यांची रीत असणार. आमच्याकडे ताम्हण असतं म्हणून सगळ्यांकडे तसंच, असं धरून चालत नाही.

घरी येऊन मोठ्या कलशावर आईचं ताम्हण ठेवलं. तांदूळ भरून. इथे गळ्याला काही काम नाही, सगळा भार काठावर. 11.4 सेंमीचा रुंद काठ इथे उपयोगाचा. लहान कलशावर तेच ताम्हण ठेवलं तर बाळकृष्ण जरा कडेला सरकवताच ते झुकलं.

पण काठ सपाटही हवा. तो तपासायला आरशाची काच जमिनीवर ठेवली आणि त्यावर कलश उपडा केला. बोटाने काठाच्या कडेकडेने दाबत फिरले. डुगडुगला तर काठ वाकडा आहे. सातपैकी पाच स्वस्थ बसले, दोन हलले. हलणाऱ्या दोघांच्या काठाखाली एका बाजूने जाड कार्ड सरकत होतं. काकांनी ते दोन्ही खुंटावर घेऊन दहा मिनिटांत सरळ केले.

26 ऑगस्ट, मंगळवार

जुनी लिस्टिंग काढून टाकली. उद्या गणपती, घरात पसारा आहे, तरी रात्री दोन नव्या टाकल्या. किंमत पुन्हा 1,150, आणि लहानाची 720. काकांना मधल्या उतरवलेल्या किमतीबद्दलही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा पुढे केला.

लहानाचा मजकूर असा: "नारळ ठेवायचा तांब्याचा कलश. गळा आतून 6.7 ते 7 सेंमी. नारळ या गळ्यावर टेकतो. 28 ते 31 सेंमी घेराचा शेंडीचा नारळ पानांसह ताठ बसतो. घरच्या नारळाला सगळ्यात फुगीर जागी दोरा गुंडाळून घेर बघा. काठ बाहेरून 9 ते 9.6 सेंमी, हाताने वळवलेला असल्याने थोडा फरक. उंची 11 सेंमी, वजन सुमारे 350 ग्रॅम. गळ्याच्या बोटभर खाली भरल्यास पाणी 480 मिली."

पाण्याचं माप यावेळी अंदाजाने नाही. रिकामा कलश काट्यावर ठेवून काटा शून्य केला, गळ्याच्या बोटभर खालीपर्यंत पाणी भरलं आणि ग्रॅम वाचले. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. काठोकाठ भरलेल्या कलशाचा आकडा मुद्दाम दिला नाही, कारण काठोकाठ भरून नारळ ठेवला तर पाणी चौरंगावर सांडतं. ते मी स्वतः सांडून पाहिलं.

मोठ्याच्या मजकुराची पहिलीच ओळ: "ताम्हण (पूर्णपात्र) ठेवण्यासाठी. नारळासाठी नाही, बाजारातला नेहमीचा नारळ यात बुडतो किंवा अडकतो." आईला वाटलं, असं लिहिलं तर कोण घेईल? मला वाटतं, जो घेईल तो ठेवून घेईल.

फोटोही बदलले. वरून, अगदी जवळून काढलेला फोटो काढून टाकला. मोबाइल इतका जवळ धरला की पुढचा काठ खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि गळा सावलीत जातो, तेच चुकत होतं. आता कलश टेबलावर ठेवून दीड मीटर मागे सरकले, झूम करून काठाच्या उंचीवरून फोटो घेतला. एकात नारळ आणि पानं, एकात गळ्यात कागदाची पट्टी, एकात फूटपट्टी शेजारी उभी. ताम्हणाच्या कलशावर तांदळाने भरलेलं ताम्हण.

3 सप्टेंबर, बुधवार

गौरी काल गेल्या. आठ दिवसांत लहान चार, मोठा एक. प्रश्नही आले, पण ते वेगळे. एका काकूंनी लिहिलं, "आमच्या नारळाचा घेर 33 आला, बसेल का?" हिशेब केला. 33 म्हणजे साडेदहा सेंमी रुंद, 6.8 च्या गळ्यात सव्वा सेंमीच खाली जाणार. लिहिलं, "बसेल, पण जरा उंच राहील. पानं दुहेरी लावा, किंवा थोडा लहान नारळ बघा." त्यांनी घेतला.

खोकीही बदलली. लहान कलश सगळ्यात फुगीर जागी 10.5 सेंमी, उंची 11. भोवती अडीच-तीन सेंमी कागदाचा थर धरला तर 16 बाय 16 बाय 17 चं खोकं पुरतं. आकारमानाचं वजन किलोच्याही खाली. दाबला जाऊ शकतो तो काठ, म्हणून खोक्यात भरण्याआधी गळ्यात कागदाचा घट्ट बोळा आणि काठावर पुठ्ठ्याची चकती.

12 सप्टेंबर, शुक्रवार

लहान बाराही गेले, रिटर्न नाही. काकांनी नवीन दहा घडवायला सुरुवात केली आहे, नवरात्रासाठी. आज कारखान्यात गेले तर त्या झिजलेल्या ठोकळ्याशेजारी त्यांनी खिळ्याला एक कागदाची पट्टी टांगली होती, 21.4 वर पेन्सिलीची खूण केलेली. माझीच पट्टी, मी तिथे विसरून आलेली. काका आता प्रत्येक गळा ठोकळ्याने बघतात, मग पट्टीने.

19 सप्टेंबर, शुक्रवार

सोमवारी घटस्थापना. आज शेवटची तीन पार्सलं निघायला हवीत, नाहीतर पोहोचणार नाहीत. तिन्ही कलश पट्टीने मोजले. दोन बरोबर. तिसऱ्याचा गळा 22.8 सेंमी घेराचा, म्हणजे 7.3. लिहिलेल्या मापाच्या बाहेर. झाळताना भाग किंचित सरकला असावा, काकांना पटलं. दुसरा तयार नाही आणि करायला वेळ नाही.

घेणाऱ्या ताईंना संदेश पाठवला: "गळा 7 ऐवजी 7.3 आहे. 29 घेराचा नारळ लिहिल्यापेक्षा साधारण 2 मिलिमीटर जास्त खाली जाईल, अडकणार नाही. 30 किंवा 31 चा अगदी नीट बसेल. नको असल्यास आत्ता ऑर्डर रद्द करते, पूर्ण पैसे परत." त्यांच्या नारळाचा घेर मला माहीत नाही, म्हणून फोटोही जोडला, गळ्यात पट्टी ठेवलेला.

दुपारी दोनला उत्तर आलं. त्यांनी दोरा पट्टीवर ठेवून काढलेला फोटो होता, तीस सेंमीच्या खुणेवर गाठ. खाली लिहिलं होतं, "पाठवा."

साडेतीनच्या गाडीने गेला.